उलटी लव

मखमल या कापडाचा मला मनापासून कंटाळा आलाय. लग्नाबिग्नात कुणी मखमलीचं काही घालून समोर आलं की मी आधी खांद्याची कड बघते, मग बाही, मग माणसाचा चेहरा. नवरा म्हणतो, "अगं, निदान आधी नमस्कार तरी कर." काय करू? चार महिने माझं पोट त्या कापडावर चाललं होतं आणि माझी झोपही त्यानंच उडवली होती.

मी नोएडातल्या एका कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत काम करते. शिवणकाम नाही, मला साधं बटणही सरळ लावता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर आम्ही चारजण कॉम्प्युटरवर कपडे बनवतो, शिवण्याच्या आधीच तो कपडा पडद्यावर शिवलेला दिसला पाहिजे, असं आमचं काम. त्यातलं कापड कापडासारखं दिसायला हवं, ही जबाबदारी माझी; उजेड-रंगाच्या त्या हिशेबाला आम्ही शेडर म्हणतो. रेशीम असेल तर रेशीम वाटलं पाहिजे, खादी असेल तर खादी. पुण्यातल्या मावशीला हे समजावता समजावता मी हात टेकले. ती सगळ्यांना सांगते, "दिल्लीला कापडाच्या कंपनीत आहे, रंगाचं बघते." असू दे, रंगाचं तर रंगाचं.

द्वारकेहून नोएडा म्हणजे ब्लू लाइनच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन तीन तास. सीट मिळाली तर डोळे मिटायचे, नाही मिळाली तर उभ्याउभ्या. त्या उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि पुढचं मिळणार की नाही हे एका मरून रंगाच्या मखमली बंदगळ्यावर, म्हणजे बंद गळ्याच्या कोटावर, अडलं होतं. बाहेर अंगाची लाही लाही होतेय आणि आत आम्ही थंडीतल्या लग्नांचे कोट करतोय, या धंद्याचं असंच असतं. पडद्यावरचा कोट खऱ्या कोटाशी हुबेहूब जुळला, तर बायर पुढच्या सीझनची सॅम्पलं शिवून मागवणार नव्हता, पडद्यावरच पसंत करणार होता. म्हणजे माझं काम पक्कं. आणि पहिल्या मजल्यावरच्या सॅम्पलिंग रूममध्ये कापड बेतणाऱ्या मास्टरजींचं? तिथं दोन मास्टर होते. मग दोघांतला एकच राहणार, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. आमचे मास्टरजी वयानं मोठे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. "बस, डेढ़ साल इज़्ज़त से निकल जाए," असं ते चहाच्या वेळी म्हणायचे.

मला मखमल शिकवली ती याच मास्टरजींनी. म्हणजे पुस्तकातलं मला येत होतं. साध्या कापडावर उजेड पडला की समोरचा भाग उजळतो आणि कडा काळवंडतात. मखमलीचं उलटं असतं. तिचे तंतू उभे असतात. समोरून पाहिलं की नजर त्या तंतूंच्या मधे आत शिरते आणि कापड गडद दिसतं. कडेला, जिथं कापड आपल्यापासून वळतं, तिथं तंतूंच्या कुशी दिसतात आणि त्यांच्यावर उजेड अडतो. म्हणून मखमलीला कडेनं ती मऊ झळाळी असते. कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी मूळ रंगावर एक वेगळा थर द्यावा लागतो, त्याला शीन म्हणतात. मी पहिल्यांदा शीन पांढरी ठेवली. कोट असा दिसायला लागला की माळ्यावरून काढलाय आणि झटकायचा राहिलाय. मग शीनला मरूनचाच फिका रंग दिला, आणि शीन जितका उजेड परत पाठवते तितका खालच्या रंगातून कमी केला. नाहीतर कापड मिळालेल्या उजेडापेक्षा जास्त उजेड परत देतं, म्हणजे कोट न राहता ट्यूबलाइट होते.

हे सगळं करूनही माझी मखमल मेणासारखी दिसत होती. शेवटी मी खाली जाऊन मास्टरजींसमोर स्टूल ओढून बसले. त्यांनी एक तुकडा टेबलावर पसरला, माझा हात धरला आणि माझाच तळवा त्यावरून फिरवला. एकदा वर, एकदा खाली.

"क्या फ़र्क़ लगा?"

एकीकडे हात घसरत गेला, दुसरीकडे अडला.

"ये रुआँ है," ते म्हणाले. "सीधा खड़ा नहीं रहता, एक तरफ़ झुकता है. कोट में हमेशा ऊपर की तरफ़ रखो, रंग गहरा आएगा. नीचे रखोगे तो फीका, चमकीला. और सारे टुकड़े एक ही तरफ़. एक भी उल्टा गया तो पूरा कोट दो रंग का."

मला एकदम आपला शब्द आठवला, लव. मखमलीची लव. कित्येक वर्षांत तोंडात आला नव्हता. संध्याकाळी घरी मोठ्या कौतुकानं लेकीला सांगितलं तर ती म्हणते, "आई, लव म्हणजे लव्ह ना?" द्वारकेत जन्मलेली पोर, तिला बिचारीला काय दोष देणार! तिला माझ्या हातावरची बारीक लव दाखवली, तर म्हणे, "ईऽऽ, पार्लरला जा ना यार."

पण मास्टरजींच्या त्या एका धड्यानं माझं गाडं पुढे सरकलं. आम्ही एकेक तंतू काढत नाही. कोटाला लाखो तंतू असतील, मशीनचा जीव जाईल. आम्ही फसवतो. जांभळट निळ्या रंगाचं एक बारीकसं चौकोनी चित्र असतं, त्यातला प्रत्येक ठिपका एवढंच सांगतो की इथं पृष्ठभाग जरासा अमुक दिशेला कललाय. ते चित्र फरशीसारखं सगळ्या कोटावर जोडत न्यायचं. उजेड प्रत्येक ठिपक्यावर वेगळा फुटतो आणि डोळ्याला वाटतं, अरे, तंतू आहेत! प्रत्यक्षात कापड साफ सपाट. मी त्या चित्रातले सगळे तंतू थोडे एकाच बाजूला कलते केले आणि कोटाच्या प्रत्येक तुकड्याला कल कुठे ते सांगितलं. मास्टरजींनी सांगितलं तसं, वर.

त्यातही ताप होताच. जवळून सुरेख दिसायचं आणि कॅमेरा लांब नेला की ते ठिपके एकमेकांत मिसळून त्यांची सरासरी व्हायची, कल नाहीसा व्हायचा आणि कोट पुन्हा गुळगुळीत प्लास्टिक. लांबून जो बारकावा हरवतो तो खरबरीतपणाच्या आकड्यात भरून द्यावा लागतो, तेव्हा कुठे लांबूनही मखमल मखमल राहते. आतल्या सॅटिनच्या अस्तरानंही छळलं. सॅटिनचे धागे लांब आणि आडवे पडलेले असतात, त्यांची चकाकी धाग्याच्या आडवी ताणली जाते. मी दिशा नव्वद अंशांनी चुकवली होती, त्यामुळे चमक धाग्याच्या बाजूनंच पळत होती. मास्टरजींनी माझ्या फोनवर फोटो पाहिला आणि लगेच म्हणाले, "ये थान तो आड़ा काट दिया आपने." कॉम्प्युटरला हात न लावता माझी चूक त्यांनी पकडली. मी कपाळावर हात मारून घेतला.

अखेर कोट उभा राहिला. खरा कोट लाकडी डमीवर, शेजारी पडद्यावर माझा, दोन्हींवर सारखाच उजेड. उजवी बाजू जुळली, बाह्या जुळल्या, पाठ जुळली. डावी पुढची बाजू काही केल्या जुळेना. खऱ्या कोटाची डावी बाजू फिकी दिसत होती, माझी गडद. एक दिवस नाही, चार दिवस. मी दिवे हलवले. शीन पसरवली, आवळली. शेवटी चिडून डाव्या बाजूला वेगळाच फिका रंग देऊन टाकला. समोरून छान जुळलं, आणि कॅमेरा खाली नेऊन वर पाहिलं तर पुन्हा बोंब. खऱ्या कोटाची तीच डावी बाजू खालून पाहिली की गडद दिसायची. रंग असा बदलत नाही. म्हणजे रंगाचा प्रश्नच नव्हता.

मॅनेजरसाहेब रोज येऊन विचारायचे, "हो गया? बायर वालों को बुधवार को बुलाया है." मी म्हणायचे, "बस हो ही गया." घरी भाजीत मीठ दोनदा पडत होतं. नवरा वर दही वाढून घ्यायचा. मला सारखं वाटायचं, मलाच येत नाहीये. चाळिशी उलटली, नवी पोरं व्हिडिओ बघून हे असलं दोन दिवसांत शिकतात, आणि आपण बसलोय एका कोटाशी झटापट करत.

बुधवारी सकाळी बायरकडची बाई यायच्या तासभर आधी मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी डाव्या तुकड्याच्या तंतूंचा कल एकशेऐंशी अंशांनी फिरवला. बाकी सगळं जिथल्या तिथं. आणि जुळलं! समोरून, खालून, बाजूनं, कुठूनही बघा. मी खुर्चीतच ओरडले. शेजारच्या मुलानं हेडफोन काढून विचारलं, "मॅम, सब ठीक?" ठीक कसलं, मला नाचावंसं वाटत होतं.

तर ही अशी मी, चार दिवसांची थकलेली आणि एका तासाची शहाणी, मीटिंगला गेले. डमीवरचा कोट होता, पडदा होता, बायरची बाई होती, मॅनेजरसाहेब होते. बाईंना पडद्यावरचं फार आवडलं. मग त्यांनी सहज विचारलं, "ये लेफ़्ट साइड कोट पे भी और स्क्रीन पे भी फीकी क्यों है?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. मी म्हटलं, "मेरा शेडर बिल्कुल सही है मॅम. कोट ही ग़लत कटा है. लेफ़्ट पैनल का रुआँ उल्टा है." आणि लगेच कल सरळ करून दाखवला, परत उलटा करून दाखवला. बाई थक्क झाल्या. म्हणाल्या, जे कापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही ते तुमच्या कॉम्प्युटरनं पकडलं! मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू, झाल्या.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा क्षणभर पडला. मग ते म्हणाले, "मास्टरजी की नज़र अब पहले जैसी नहीं रही." आणि मास्टरजींना वर बोलावून घेतलं.

ते आले, टेप गळ्यातच होती. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मास्टरजींनी कोटाच्या डाव्या बाजूवरून तळवा वर नेला, खाली आणला. खरंतर त्यांना हात फिरवायची गरजच नव्हती. ते साहेबांकडे बघत राहिले. साहेब फोनमध्ये बघत होते.

"हाँ जी," मास्टरजी म्हणाले, "उल्टा है."

एवढंच. मग ते खाली गेले. माझं तोंड तेव्हा जे कडू झालं ते आजवर तसंच आहे. ज्या माणसानं माझा हात धरून मला लव शिकवली, त्यालाच त्याच लवेवरून मी चार लोकांत उघडं पाडलं होतं. त्यांना एकट्याला आधी सांगता आलं असतं. तासभर होता माझ्याजवळ. पण मी तो स्वतःचं कौतुक करण्यात घालवला.

दुपारी मी पुढच्या कोटाच्या तयारीसाठी या कोटाचा मार्कर उघडला. मार्कर म्हणजे कापडावर कुठला तुकडा कुठे बसवायचा त्याचा नकाशा. तो कॉम्प्युटरवर करतात, कागदावर छापतात, आणि मास्टर त्या कागदावरून कापतो. बघते तर डावा पुढचा तुकडा नकाशातच उलटा बसवलेला. मखमलीसारख्या कापडासाठी तिथं एक खूण करावी लागते, तुकडे फिरवायचे नाहीत म्हणून. ती खूण काढून टाकलेली. माझ्या कामातही अगदी हेच असतं, चित्रात जागा वाचावी म्हणून सॉफ्टवेअर तुकडे फिरवतं, आणि फिरवू नकोस असं त्याला बजावावं लागतं. इथं कुणीतरी कापड वाचवायला तुकडा फिरवला होता. खाली शेवटच्या बदलापुढे नाव होतं. मॅनेजरसाहेबांचं.

मी तडक खाली गेले. मास्टरजी उभ्यानं खडूच्या रेघा मारत होते.

"मास्टरजी, वो मार्कर में ही उल्टा था."

"मालूम है जी." ते रेघ पूर्ण करून म्हणाले, "मिल से कपड़ा कम आया था. साहब ने कहा, सैंपल ही तो है, घुमा के निकाल लो. मैंने कहा था, मखमल है, दिखेगा."

"तो ऊपर बोले क्यों नहीं?"

"क्या बोलता? साहब कहते, मैंने कब कहा. मेरे पास क्या है?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपके पास तो होगा न, कंप्यूटर में?"

"देखती हूँ," मी म्हणाले.

आपल्याकडे नको असलेल्या स्थळाला "बघतो, कळवतो" म्हणतात, तसलंच ते. पण त्या क्षणी खरंच वाटत होतं की मी करीन. रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साधं आहे. फाइल जोड आणि वरच्या साहेबांना मेल टाक." दुसऱ्या दिवशी मी मेल लिहिला. चांगला लिहिला. मास्टरजींची चूक नाही, मार्कर मागाहून बदललाय, सोबत चित्र जोडलंय. पाठवायच्या आधी म्हटलं, पुन्हा एकदा वाचू. मग म्हटलं, उद्या ताज्या डोक्यानं वाचू. मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, आता काढतील विषय. त्यांनी नुसतं विचारलं, "आपका रिन्यूअल मेरे पास पड़ा है, सोमवार तक साइन कर दूँ?" धमकी नव्हती ती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

सोमवारी सही झाली. म्हटलं, आता पाठवते. पण आता पाठवला तर ते कसं दिसेल? सही होईपर्यंत मूग गिळून बसली आणि मग बोलली, असं नाही का म्हणणार? माणसाला न बोलायला किती कारणं सापडतात! मी घरी रोज तेच दळण दळायचे. शेवटी नवरा वैतागला. "पाठव, नाहीतर पाठवू नकोस. पण रोज मला सांगू नकोस." त्याचंही बरोबर होतं. त्यानंतर मी त्याला सांगणं बंद केलं. आणि पाठवलाही नाही.

मास्टरजींना महिनाअखेरीस "आता आराम करा" म्हणून सांगितलं गेलं. शाल आणि मिठाईचा डबा दिला, चारजण टाळ्या वाजवायला होते. नजर गेली बिचाऱ्यांची, असं लोक एकमेकांत बोलत होते. मी ऐकत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ते तिसऱ्या मजल्यावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून. हातात तो डबा. म्हणाले, "जाने से पहले अपना कोट दिखा दीजिए." मी घाईघाईनं उघडला. आता तो बरोबर होता, सगळे तुकडे एकाच दिशेला. त्यांनी मला तो हळूहळू फिरवायला लावला. खालून दाखवायला सांगितला, मग अगदी जवळून. चष्मा वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बाहीच्या जोडापाशी एक बारीकशी रेघ होती, माझ्या कधी नजरेला आली नव्हती. ती त्यांनी मला बोटानं दाखवली. म्हणाले, इथं दोन तुकड्यांचा रुआँ तसूभर तिरका पडलाय. बघितलं, तर खरंच पडला होता.

मी तिथंच तो नीट केला. ते थांबले, झालेला बघून मान हलवली.

"बिल्कुल सच्चा बना है, बेटा," ते म्हणाले.

मेल अजून ड्राफ्टमध्येच होता, त्याच पडद्यावर, कोटाच्या मागच्या खिडकीत. कॉम्प्युटरमध्ये काही सापडलं का, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला आजही माहीत नाही.

मी म्हणाले, "थँक्यू, मास्टरजी."